पीडीएफ उघडत नाही? डाउनलोड करताना या चुका टाळा

(वाचकांसाठी सूचना, संदर्भ विभाग, नागपूर)

गेल्या महिन्यात संशोधन करणारी एक मुलगी काउंटरवर फोन पुढे करून म्हणाली, "मॅडम, काऊन उघडत नाही हो हे? तीनदा डाउनलोड केलं." फाईलचं नाव व्यवस्थित होतं, शेवटी .pdf होतं. उघडली की Failed to load PDF document. फोन खराब, नेट खराब, साइट खराब, असे सगळे अंदाज तिने करून झाले होते. मी फाईलचा आकार पाहिला. 38 केबी. चौदा पानांचा स्कॅन केलेला लेख 38 केबीत कसा मावेल? स्कॅन केलेलं एक पानसुद्धा बहुधा त्याहून जड असतं. ती फाईल पीडीएफ नव्हतीच. ते लॉगिनचं पान होतं, पीडीएफचं नाव लावून बसलेलं.

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत हा प्रकार सगळ्यात जास्त असतो, म्हणून त्याच्यापासूनच सुरू करते.

नाव पीडीएफ, आत वेबपेज

जर्नलच्या साइटवर लेखाचं एक पान असतं. त्यावर शीर्षक, लेखक, सारांश असतो आणि Download PDF किंवा View PDF असं बटण असतं. पुष्कळ जण शीर्षकावरच बोट दाबून धरतात आणि Download link निवडतात. फोन इमानदारीने लिंकमागचं पान उतरवून घेतो, लेख घेत नाही. लॅपटॉपवर Ctrl+S दाबणाऱ्यांचंही तेच होतं. त्यांच्या हाती .html फाईल येते. मग कोणीतरी सांगतं, "नाव बदलून .pdf कर." नाव बदलल्याने आतला मजकूर बदलत नाही. मिठाच्या डब्यावर 'साखर' लिहिल्यासारखं आहे ते.

दुसरं कारण लॉगिनचं. घरून आपल्या ग्रंथालयाच्या खात्याने आत गेलात आणि मध्येच जेवायला उठलात, की थोड्या वेळाने ते लॉगिन संपतं. परत येऊन डाउनलोड दाबलं तर साइट लेखाऐवजी लॉगिनचं पान पाठवते आणि काही वेळा ते लेखाच्याच नावाने जपून ठेवलं जातं. त्या मुलीचं हेच झालं होतं. मैत्रिणीने पीडीएफची थेट लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली होती. ती लिंक मैत्रिणीच्या लॉगिनपुरतीच चालत होती. म्हणून कोणाला लेख सुचवायचा असेल तर पीडीएफची लिंक पाठवू नका, लेखाच्या पानाची लिंक किंवा डीओआय क्रमांक पाठवा. समोरचा आपल्या लॉगिनने आत जाईल.

खात्री करायची असेल तर लॅपटॉपवर त्या फाईलवर राइट क्लिक करून Open with मधून Notepad निवडा. खऱ्या पीडीएफची पहिली ओळ अशी दिसते (शेवटचा आकडा वेगळा असू शकतो):

```
%PDF-1.4
```

त्यापुढे विचित्र चिन्हांचा कचरा दिसेल, घाबरू नका, तो असतोच. फक्त तिथून काही Save करू नका, नाहीतर चांगली फाईलही बिघडेल. आणि पहिलीच ओळ अशी असेल तर ते वेबपेज आहे, पुन्हा लॉगिन करून नव्याने डाउनलोड करा:

```
<!DOCTYPE html>
```

मोठ्या फाईलवर मात्र हा प्रयोग नको, Notepad अडकून बसतं.

जेस्टोरबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. तिथे स्वतःचं मोफत खातं काढलं की काही लेख ऑनलाइन वाचता येतात, पण त्या खात्यावर डाउनलोड मिळत नाही. वाचता येतंय म्हणजे उतरवताही येईल, असं धरून लोक अर्धा तास बटण शोधतात आणि मग पडद्याचे फोटो काढत बसतात. आमच्या खात्यातून या, बटण दिसेल.

अर्धवट उतरलेली फाईल

हेही आकारानेच ओळखता येतं. एखादी वाचक म्हणते, "जवळजवळ सगळी उतरली होती, मग निदान तेवढी पानं तरी दिसायला हवीत ना?" प्रश्न रास्त आहे. पण पीडीएफची रचना तशी नसते. कुठलं पान फाईलमध्ये कुठे आहे याची यादी साधारणपणे फाईलच्या शेवटी असते. पुस्तकाची अनुक्रमणिका शेवटी छापलेली असावी तसं. वाचणारं ॲप आधी शेवट गाठतं, तिथल्या startxref या शब्दाखालच्या आकड्यावरून यादी शोधतं आणि मग पानं उघडतं. पूर्ण फाईलची अखेर अशी असते:

```
startxref
2417736
%%EOF
```

शेपूट तुटली की यादी गेली. नव्वद टक्के पानं फाईलमध्ये असूनही ॲप म्हणणार, फाईल बिघडली आहे. काही ॲप यादी स्वतः जुळवून पाहतात, कधी जमतं, कधी मधली पानं कोरी येतात. त्यावर विसंबू नका.

अर्धवट फाईलच्या नावाशेवटी क्रोममध्ये .crdownload आणि फायरफॉक्समध्ये .part असतं. ते खोडून .pdf करणारे लोक मी पाहिले आहेत. करू नका. ब्राउझरच्या डाउनलोड यादीत जाऊन Resume दाबा, नाही जमलं तर ती फाईल काढून टाका आणि नव्याने घ्या. सीताबर्डीहून बसमध्ये बसल्या बसल्या दीडशे एमबीचा खंड उतरवायचा आणि हिंगण्याला पोचेपर्यंत सिग्नल चारदा जाऊन येणार, हे गृहीतच धरा. मोठा खंड ग्रंथालयाच्या वायफायवर घ्या.

इंटरनेट आर्काइव्हवर आकार आधीच कळतो. DOWNLOAD OPTIONS खाली SHOW ALL दाबलं की त्या ग्रंथाच्या सगळ्या फाइलींची यादी आकारासह येते. तिथे 142.3M लिहिलं असेल आणि तुमच्याकडे 97 एमबी असेल, तर दुसरं काही तपासायची गरज नाही.

लेख हवा होता, हाती आला अख्खा खंड

आपल्याकडे वाकाटकांवर काम करणाऱ्यांना हे हमखास भेटतं. वा. वि. मिराशींचे ताम्रपटांवरचे कितीतरी लेख 'एपिग्राफिया इंडिका'त आहेत. पुरातत्त्व खात्याच्या या नियतकालिकाचे जुने खंड स्कॅन होऊन आले आहेत ते पूर्ण खंड म्हणून, सुटे लेख म्हणून नाहीत. संदर्भसूचीत लिहिलेलं असतं "पृ. 167". वाचक पीडीएफच्या चौकटीत 167 टाकतो, भलताच लेख निघतो आणि तो आमच्याकडे येतो, "सूचीच चुकीची आहे."

सूची बरोबर असते. छापलेला पृष्ठांक आणि फाईलमधला पानाचा क्रमांक हे दोन वेगळे आकडे आहेत. मुखपृष्ठ, कोरं पान, अनुक्रमणिका, रोमन आकड्यांची प्रस्तावना, हे सगळं फाईल मोजते.

समजा, छापील पान 1 फाईलच्या 19व्या पानावर आलं. म्हणजे फरक 18. छापील 167 साठी 185 टाका. पण तिथे 161 निघतं! कारण शिलालेखांच्या ठशांच्या प्लेटा. त्या लेखांच्या मध्ये घातलेल्या असतात, त्यांना पृष्ठांक नसतो, पण स्कॅन करणाऱ्याने त्या मोजल्या आहेत, मागच्या कोऱ्या बाजूसकट. 185व्या पानाच्या आधी अशी सहा पानं आली, म्हणून फरक 24 झाला. आणखी सहा पानं पुढे जा, 191वर तुमचा लेख सुरू होतो. म्हणजे पद्धत अशी: एकदा अंदाजाने उडी मारा, दिसलेला छापील आकडा पाहा, उरलेलं अंतर तेवढंच पुढे-मागे सरका. सुरुवातीचा फरक शेवटपर्यंत तोच राहील असं धरून चालू नका.

मग पूर्ण खंड फोनमध्ये ठेवायचं कारण नाही. लेख छापील 167 ते 180, म्हणजे फाईलमध्ये 191 पासून चौदा पानं. आत एक प्लेट मागच्या कोऱ्या बाजूसकट असेल तर सोळा. लॅपटॉपवर Print मध्ये Save as PDF निवडून Pages मध्ये 191-206 टाका. सुटी फाईल तयार होते. मिराशींच्या लेखातल्या प्लेटा मात्र वगळू नका, वाचन पडताळायचं ते त्यांच्यावरच. पहिलं कव्हरचं पानही वेगळं काढून ठेवा, खंडाचा क्रमांक आणि वर्ष तिथूनच मिळतं. सुट्या फाईलवर ते नसेल तर सहा महिन्यांनी ती कुठली होती हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

जेस्टोरवरच्या सुट्या लेखांना सुरुवातीला त्यांचं एक कव्हर जोडलेलं असतं, ते कृपया फाडल्यासारखं काढून टाकू नका. संदर्भाची सगळी माहिती त्याच्यावर असते. फाईलचं नाव नुसता आकडा असेल, तर डाउनलोड होताच लेखक, वर्ष आणि दोन शब्द शीर्षकाचे असं नाव द्या.

उघडली, पण शब्द सापडत नाही

Ctrl+F मध्ये 'वाकाटक' टाकलं, 0/0 आलं, म्हणून लेखात वाकाटक नाहीत असा निष्कर्ष काढू नका. एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला जात नसेल तर ते पान म्हणजे नुसता फोटो आहे, त्यात शोधण्याजोगी अक्षरंच नाहीत.

शब्द निवडला जातो, पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरं आणि टिंबं-रेघांचा काला होतो, असंही घडतं. मग तो अंक युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये जुळवलेला आहे. डोळ्यांना मराठी दिसतं, संगणकाला मात्र ती वेगळीच अक्षरं वाटतात. अशा फाईलमध्ये देवनागरीत शोधून काही मिळणार नाही. आणि यंत्राने ओळखलेल्या जुन्या छपाईत जोडाक्षरं हमखास चुकतात, तेव्हा 'प्रवरसेन' नाही सापडला तर 'वरसेन' शोधून पाहा. तरीही नाही, तर पानं चाळा.

एक विनंती, जरा रागाने. एका बैठकीत एका जर्नलचे सगळे अंक ओढू नका. दोन वर्षांपूर्वी एका वाचकाने रात्रीतून शेकडो लेख उतरवले आणि सकाळी त्या प्रकाशकाने आमचं अख्खं कनेक्शन बंद केलं. पत्रव्यवहार करून ते सुरू व्हायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत दोघांचे प्रबंध द्यायचे होते.

एवढं करूनही फाईल उघडली नाही तर काउंटरवर या. येताना लेखाच्या पानाची लिंक, फाईलचा आकार आणि पडद्यावर आलेला संदेश शब्दशः आणा. "उघडत नाही" एवढंच सांगितलंत तर मी पहिल्यांदा आकारच विचारणार आहे.