भांडुपला न पोचलेली साडी

दादरमध्ये साड्या ऑनलाइन विकणाऱ्या एका दुकानात मी डिस्पॅचच्या कामाला लागले, तेव्हा आरटीओ म्हटलं की मला गाड्यांचं ऑफिसच आठवायचं. इथे आरटीओ म्हणजे ‘रिटर्न टू ओरिजिन’. गिऱ्हाइकाच्या हाती न पडताच आपल्याकडे परत आलेलं पार्सल. घेऊन, उघडून मग परत पाठवलेला माल यात धरत नाहीत.

पहिल्याच महिन्यात एक कॅश ऑन डिलिव्हरीची साडी ११ दिवसांनी परत आली. शेरा होता ‘ग्राहक उपलब्ध नाही’. मी बाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, “अगं, मी तर रोज घरीच होते!” मग लेबल नीट वाचलं: ‘टेंभीपाडा, मंदिराजवळ, भांडुप ४०००४२’. टेंभीपाडा भांडुप पश्चिमेला, तिथला पिन ४०००७८. ४०००४२ हा पूर्वेचा. कुरिअरवाले पार्सलं पिनकोडवर लावतात, त्यामुळे साडी पूर्वेच्या मुलाच्या पिशवीत गेली. त्याला त्याच्या भागात टेंभीपाडा सापडणार कुठून? फोन केला, तर बाईंनी अनोळखी नंबर म्हणून उचलला नाही. तीन फेऱ्या झाल्या आणि पार्सल उलट निघालं. जाण्याचं भाडं गेलं, येण्याचंही आमच्याच माथी बसलं, आणि तेवढे दिवस साडी विकायला हाताशी नव्हती.

म्हणून शेऱ्यावर थांबू नका. ‘उपलब्ध नाही’च्या आड पत्त्याची चूक बऱ्याचदा लपलेली असते. परत आलेल्या पार्सलांचे पत्ते पिनकोडप्रमाणे लावून वाचा. एकाच पिनवर दुसऱ्याच भागाची नावं दिसू लागली, की समजायचं.

आता लेबल छापण्याआधी मी पिन आणि वस्तीचं नाव जुळतं का ते पाहते. शंका आली की गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅप करते: पूर्व की पश्चिम? चाळीचं नाव आणि खोली नंबर काय? रस्त्यावरून दिसेल अशी खूण कोणती? नुसतं ‘मंदिराजवळ’ चालत नाही, कारण मुंबईत गल्लीगल्लीत मंदिर आहे. ‘मंदिरासमोरची पिठाची गिरणी’ चालते. घरातल्या दुसऱ्या कुणाचा नंबरही मागते आणि कुरिअरचा फोन येईल हे सांगून ठेवते. कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरला उत्तरच आलं नाही, तर पार्सल एक दिवस थांबवते.

याने पार्सलं परत येणं पूर्ण थांबत नाही. मन बदललं म्हणून दारातून परत पाठवणाऱ्याचा पत्ता अचूकच असतो.

पार्सल निघून गेल्यावर चूक कळली, तर पहिली फेरी फुकट गेल्याचा एनडीआर, म्हणजे डिलिव्हरी न झाल्याचा निरोप, कुरिअरच्या ऑनलाइन पॅनेलवर येतो. त्याला त्याच दिवशी उत्तर द्या. खूण किंवा फोन नंबर तिथे सहसा बदलता येतो, पिनकोड मात्र बहुधा नाही. बाईंची साडी मी नव्या लेबलवर ४०००७८ घालूनच पुन्हा पाठवली.