टाचा टेकवून उकिडवं बसता येत नाही? आधी घोटा तपासा

टाचा टेकवल्या की मागे कलंडायला होतं आणि दोष गुडघ्यांना दिला जातो. नाशिकला घरामागच्या वाफ्यात मेथी खुडताना माझी मावशी चवड्यांवरच बसायची, तेव्हा हे करून पाहिलं.

१. पाठीवर झोपून दोन्ही गुडघे छातीशी घ्या. मांड्या पोटाला लागल्या, पोटऱ्या मांड्यांना टेकल्या, तर खुबा आणि गुडघा मोकळे आहेत. मावशीचे होते.

२. अनवाणी भिंतीसमोर उभं राहा. अंगठा भिंतीपासून १० सेंमीवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. तिचा ५ सेंमीवरूनच कसाबसा लागला.

घोटा वाकला नाही की नडगी पुढे झुकत नाही. मग बूड मागे जातं आणि खुबा कितीही मोकळा असला तरी तोल सुटतो.

३. भिंतीचीच हालचाल रोज प्रत्येक पायाने १५ वेळा करा. तोवर बसताना टाचांखाली दोनेक सेंमीची फळी घ्या, लगेच फरक जाणवतो.

गुडघा सुजलेला असेल किंवा सांधा बदललेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खोल बसू नका.