कॅनडाला निघालात? आकडा वाऱ्यासकट वाचा
जानेवारीत पहाटे धुळ्याहून जळगावला मोटरसायकलवर गेला असाल, तर विंड चिल तुम्हाला आधीच ठाऊक आहे: अंगाभोवतीची ऊब वारा पळवतो. कॅनडात उणे १० अंशाला ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या कातडीला ते उणे २० वाटतं. म्हणून हवामानाच्या ॲपमध्ये 'Feels like' बघूनच कपडे ठरवा.

आत सुती बनियन नको. घामाने ओला होऊन तोच गारठवतो. लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस, बाहेर वारा अडवणारं जॅकेट. आईने विणलेला स्वेटर मधे चालेल, एकटा नाही. वारा त्यातून आरपार जातो. नाक-कान झाका. कातडी पांढरट, बधिर झाली तर न चोळता लगेच आत जा.