लिलाव भिशीत बसताय? आधी कागदावर हिशोब मांडा

मंगळवार पेठेतली गल्ली असो की शाहूपुरीतले व्यापारी, कोल्हापुरात भिशी ओळखीवर चालते. ओळख हवीच. पण लिलाव भिशीत फायदा-तोटा ठरतो तो आपण पैसे कधी उचलतो यावर. म्हणून होकार देण्याआधी हिशोब मांडा.

समजा दहा जण आहेत आणि महिन्याचा हप्ता ५,००० रुपये. पहिली भिशी, पूर्ण ५०,०००, चालवणारा घेतो; तोच त्याचा मोबदला. दुसऱ्या महिन्यापासून जो सर्वांत जास्त रक्कम सोडेल त्याला भिशी मिळते. सोडलेले पैसे दहा जणांत वाटले जातात, म्हणून त्या महिन्याचा हप्ता तेवढा कमी होतो. दुसऱ्या महिन्यात ८,००० सुटले, पुढे दर महिन्याला हजाराने कमी होत गेले आणि शेवटची भिशी पूर्ण मिळाली, असं धरू. मग दहा महिन्यांत प्रत्येकाचे ४६,४०० रुपये भरले जातात.

आता आपली जागा ठरवा. दुसऱ्या महिन्यात उचलणाऱ्याला ४२,००० मिळाले, म्हणजे ४,४०० जास्त भरावे लागले. हे कर्जच झालं, आणि त्याचं व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास पडतं. दुकानात माल भरायची घाई असेल तरी आधी सोनेतारणाचा दर विचारून या. शेवटी उचलणाऱ्याला मात्र ३,६०० रुपये सुटतात. एवढा परतावा बँकेच्या आवर्ती ठेवीत मिळत नाही.

पण जोखीमही त्याच्याच गळ्यात असते. नवव्या महिन्यापर्यंत त्याचे ४१,४०० रुपये गेलेले असतात आणि हातात काहीच नसतं. दुसऱ्या महिन्यात उचललेल्या माणसाने सहाव्यापासून हप्ते थांबवले, तर २४,००० रुपयांचं भगदाड पडतं. चिट फंड कायदा, १९८२ प्रमाणे चिटला सरकारची पूर्वपरवानगी आणि नोंदणी लागते. गल्लीतल्या बहुतेक भिशींना ती नसते. बँकेतल्या ठेवीसारखा विमाही इथे नाही.

म्हणून पहिल्या बैठकीतच दोन गोष्टी ठरवून घ्या, आणि त्या ठरावावर सगळ्यांच्या सह्या हव्यात. भिशी उचलणाऱ्याने अजून न उचललेल्यांपैकी दोघांना जामीन द्यावं. हप्ता थकला तर तो कोण भरणार, हेही लिहून ठेवावं. चालवणारा ती जबाबदारी घेत नसेल तर बसू नका. हप्ते खात्यावरून द्या, म्हणजे पुरावा राहतो.

भिशी सुरू झाल्यावर लिलावाकडे लक्ष ठेवा. एखादा माणूस इतरांपेक्षा फारच जास्त रक्कम सोडून भिशी ओढत असेल, तर तो अडचणीत असण्याची शक्यता मोठी. लिलावाच्या दिवशीच मिळणारे पैसे ‘चार दिवसांनी देतो’ असं होऊ लागलं, तर चालवणाऱ्याच्या आणखी किती भिशी चालू आहेत ते विचारा. एकीचे पैसे दुसरीत फिरत असतील, तर शेवटपर्यंत थांबू नका. थोडी जास्त रक्कम सोडावी लागली तरी पुढच्याच लिलावात भिशी उचला आणि राहिलेले हप्ते वेळेवर भरा.