पहिली पगारपत्रिका वाचताना या चुका टाळा

पगारपत्रिका बनवण्याचं काम करत असल्यामुळे दर महिन्याला नवीन रुजू झालेलं कोणीतरी माझ्या टेबलाशी येतंच. मागे एक मुलगा मोबाइलवर स्लिप उघडून आला आणि म्हणाला, "सर, ऑफर लेटरवर वर्षाला ४,८०,००० लिहिलंय, म्हणजे महिन्याला ४०,००० झाले. खात्यात ३४,०३८ आलेत. जवळपास सहा हजार कापले!"

खरं तर त्याच्या पगारातून कापले गेले होते फक्त २,६००. उरलेले ३,३६२ पगारात कधी आलेच नव्हते.

४०,००० हा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तो माणूस महिन्याला केवढ्याला पडतो त्याचा आकडा. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ २,४०० आणि ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची, तरतूद ९६२ धरलेली होती. हे दोन्ही वजा केले की ३६,६३८ उरतात. स्लिपवर डावीकडे 'मिळकत' असते तिथे हीच बेरीज होती: बेसिक २०,०००, एचआरए ८,००० आणि स्पेशल अलाउन्स ८,६३८. उजवीकडे कपात: त्याच्या वाट्याचा पीएफ २,४०० (बेसिकच्या १२ टक्के) आणि प्रोफेशन टॅक्स २००. महाराष्ट्रात हा टॅक्स फेब्रुवारीत ३०० होतो, त्यामुळे त्या महिन्यात शंभर रुपये कमी आले तर घाबरू नका. ३६,६३८ मधून २,६०० गेले, हातात ३४,०३८.

तेव्हा पहिली चूक म्हणजे सीटीसीला बाराने भागून त्याची खात्यातल्या रकमेशी तुलना करणं. हिशेब सुरू करायचा तो स्लिपवरच्या ग्रॉसपासून, म्हणजे मिळकतीच्या एकूण बेरजेपासून.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. काही कंपन्या स्लिपच्या तळाशी 'कंपनीचे योगदान' म्हणून २,४०० वेगळे दाखवतात. ती ओळ फक्त माहितीसाठी असते, नेट पेमधून, म्हणजे हातात येणाऱ्या रकमेतून, ती पुन्हा वजा करायची नाही. काही ठिकाणी मात्र हेच २,४०० मिळकतीच्या रकान्यात घालतात आणि कपातीतही दाखवतात. मग ग्रॉस दिसतो ३९,०३८ आणि कपात ५,०००, पण हातात तेच ३४,०३८. कपातीत पीएफ दोनदा दिसला की लगेच भांडायला जाऊ नका. आधी डावीकडे तेवढीच रक्कम आहे का बघा. असेल तर हिशेब बरोबर आहे, मांडणी तेवढी विचित्र. (मला स्वतःला ही मांडणी अजिबात आवडत नाही. कर्जाच्या अर्जात ग्रॉस लिहिताना माणूस हमखास गोंधळतो.) डावीकडे ती ओळ नसताना उजवीकडे पीएफ दोनदा असेल, तर मात्र कंपनी स्वतःचा वाटा तुमच्या पगारातून घेते आहे. लेखी विचारा.

पीएफ १२ टक्क्यांऐवजी नेमका १,८०० दिसला तर ती चूक नसते. कंपनीने योगदान १५,००० च्या मर्यादेवर धरलेलं असतं, आणि त्याचे १२ टक्के म्हणजे १,८००.

तिसरी गोष्ट स्लिपवर दिसतच नाही. कंपनीचा वाटा पुढे कुठे जातो ते पीएफच्या पासबुकात कळतं. कंपनीने हे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात, म्हणून पासबुक त्यानंतर उघडा. एरवी कंपनीच्या वाट्यातला काही भाग पेन्शनच्या रकान्यात जातो. पण १ सप्टेंबर २०१४ पासूनच्या नियमानुसार, पहिल्यांदाच पीएफमध्ये येताना ज्याचा पीएफसाठीचा पगार १५,००० च्या वर आहे, तो पेन्शन योजनेचा सभासद होत नाही. या मुलाचं बेसिक २०,०००, म्हणजे २,४०० पूर्ण पीएफमध्येच जायला हवे होते. पासबुकात पेन्शनच्या रकान्यात १,२५० निघाले. आमच्याकडूनच सभासद नोंदवताना एक खूण चुकली होती. पहिल्याच महिन्यात सापडलं म्हणून निस्तरलं, पुढे वर्षं उलटली की हे पैसे काढताना अडकतात.

ग्रॅच्युइटीचे ९६२ मात्र पासबुकात शोधू नका, ते तिथे नसतात. ती कंपनीने आपल्याकडे धरलेली तरतूद असते आणि कायम नोकरीत साधारण सलग ५ वर्षं झाल्यावरच सोडताना मिळते.

महिन्याच्या मध्यात रुजू झाला असाल तर आकड्यांच्या आधी 'पगाराचे दिवस' ही ओळ वाचा. ३० दिवसांच्या महिन्यात ११ तारखेला रुजू झालेल्याचे २० दिवस भरतात. बेसिक १३,३३३ होतं आणि पीएफही त्याच प्रमाणात १,६०० वर येतो. प्रोफेशन टॅक्स मात्र दिवसांवर भागला जात नाही, तो त्या महिन्याच्या एकूण पगाराच्या टप्प्यावर ठरतो. त्या ओळीत २० ऐवजी १८ दिसले, तर शनिवार-रविवार किंवा हजेरीची नोंद राहिली आहे का ते विचारा. फरक पुढच्या स्लिपमध्ये 'थकबाकी' म्हणून येतो.