अखेरची वर्षं आणि अंत्यविधीची जागा शोधताना या चुका टाळा

एखाद्या मोठ्या व्यक्तीचा शेवट कुठे झाला हे शोधताना बहुतेक घोळ एकाच कारणाने होतो. अखेरचं घर, निधनाची जागा, दहन किंवा दफनाची जागा आणि स्मारक या चार गोष्टी आपण एकच धरून चालतो. एकीचं उत्तर मिळालं की त्यावरून उरलेल्या तिन्हींचा अंदाज बांधून टाकतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचंच बघा. चैत्यभूमी दादरला आणि राजगृहही दादरलाच, म्हणून अखेरची वर्षं मुंबईत गेली असा कुणाचाही समज होईल. पण केंद्रीय मंत्रिपद सोडल्यावर ते दिल्लीत २६, अलीपूर रोडवर राहत होते आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी तिथेच त्यांचं महापरिनिर्वाण झालं. पार्थिव विमानाने मुंबईला आणलं गेलं आणि ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले.

दुसरी चूक जास्त फसवी असते: जागेवर दगड किंवा चौथरा दिसला की शोध संपला असं मानणं. बहादूरशहा जफरने मेहरौलीत, बख्तियार काकींच्या दर्ग्याजवळ, आपल्या कबरीसाठी जागा राखली होती. ती आजही रिकामी आहे. ऑक्टोबर १८५८ मध्ये इंग्रजांनी त्याला दिल्लीहून हलवलं, पुढची वर्षं रंगूनला नजरकैदेत गेली आणि ७ नोव्हेंबर १८६२ च्या पहाटे तो वारला. त्याच दिवशी दुपारी त्याला पुरलं, वर हिरवळ बसवली आणि भोवती बांबूचं कुंपण घातलं. कुंपण कुजेपर्यंत गवत वाढेल आणि खूण उरणार नाही, असं पहारेकरी अधिकाऱ्यानेच लिहून ठेवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे स्मृतिशिला बसली, पण तिच्यावर ‘या जागेजवळ’ पुरल्याचं कोरलं होतं, ‘या जागी’ असं नव्हे. नेमका हाच शब्द वाचणारे घाईत गाळतात. खरी, विटांनी बांधलेली कबर १९९१ मध्ये खोदकाम करताना जवळच सापडली. त्यामुळे शिलालेख शब्दन् शब्द उतरवून घ्या आणि तो मृत्यूनंतर किती वर्षांनी बसवला हेही शोधा. मधला काळ जितका मोठा, तितकी जागा ऐकीव असण्याची शक्यता जास्त. दफनाच्या वेळी हजर असलेल्या माणसाने त्याच सुमारास लिहिलेली नोंद मिळाली, तर तिला दगडापेक्षा जास्त वजन द्या.

विसाव्या शतकातल्या व्यक्तींसाठी वर्तमानपत्रं हाताशी असतात, पण निधनाच्या बातमीवर थांबू नका. तिच्यात ‘अंत्यसंस्कार अमुक ठिकाणी होतील’ असं असतं, म्हणजे तो नुसता बेत. गर्दी, सरकारी परवानगी किंवा घरच्यांची इच्छा यामुळे तो ऐनवेळी बदलू शकतो. पुढच्या एकदोन दिवसांचे अंक काढा आणि ‘झाले’ असं लिहिलेली बातमी गाठा. तीही सापडली नाही तर स्मशानभूमीची किंवा दफनभूमीची नोंदवही पाहायची. ती तारखेप्रमाणे लिहिलेली असते, म्हणून निधनाची तारीख आधी पक्की करून मगच जा.