उत्तर न देणाऱ्यांचाही हिशेब धरा

समजा, ऑनलाइन प्रश्नावली १००० सभासदांना पाठवली. निम्मे चाळिशीच्या आतले, निम्मे पुढचे. उत्तरं आली २००: तरुणांची १५०, ज्येष्ठांची फक्त ५०. समाधानी तरुण १२०, ज्येष्ठ २०, म्हणजे सरसकट ७० टक्के. हा आकडा तरुणांकडे झुकलेला आहे. दोन्ही गटांचे टक्के वेगळे काढा (८० आणि ४०) आणि सभासदसंख्येप्रमाणे निम्मं-निम्मं वजन द्या. अंदाज ६० वर येतो.

पण गप्प राहिलेले ज्येष्ठ उत्तर देणाऱ्या ज्येष्ठांपेक्षा जास्त नाराज असतील, तर वजन देऊन ते कळत नाही. म्हणून उत्तर न दिलेल्यांतून चिठ्ठ्या टाकून तीसेक जण निवडा आणि फोनवर तोच प्रश्न विचारा. उत्तरं फारच वेगळी आली, तर ६० वरही विसंबू नका. लिंक आणखी पसरवू नका. त्यानं बहुधा उत्साही मंडळीच वाढतात.